क्रियापदाचा कर्ता कुठे आहे?

डेअरीच्या माफीनाम्याचा तुझा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. समासात तू लिहिलंयस, "पीआरवाले म्हणतात मोकळ्या मनाने माफी मागा, आपले साहेब म्हणतात माफी हा शब्दच नको, मग मी नक्की तपासू काय?" फोनवर बोललो असतो तर चिडलो असतो, म्हणून लिहितोय.

तू दोन चाळण्या लावतेस. एकीतून नको ती कबुली काढतेस, दुसरीतून टाळाटाळ. म्हणून एक सावरलं की दुसरं बिघडतं. मी चाळणी एकच लावतो. क्रियापदापाशी थांबायचं, त्याचा कर्ता शोधायचा आणि विचारायचं: हे यानेच केलं, हे आज आपल्याला माहीत आहे का? माहीत असून कर्ता गाळला असेल तर ती टाळाटाळ. माहीत नसताना कर्ता घातला असेल तर ती फुकटची कबुली.

आता डेअरीचं घे. आज आपल्या हातात आहे ते एवढंच. शनिवारी लग्नाच्या कार्यालयात आपलं ४० किलो पनीर गेलं. रात्री ३१ जणांना उलट्या-जुलाब झाले, त्यांतले ९ जण रुग्णालयात आहेत. गाडीतली शीतयंत्रणा वाटेत साडेतीन तास बंद होती, ही नोंद आपल्याच यंत्रातली. पनीर तिथल्या स्वयंपाकघरात किती वेळ उघडं पडलं होतं, कुणालाच ठाऊक नाही. नमुना अन्न विश्लेषकाकडे गेलाय. कायद्याने त्याला अहवालासाठी १४ दिवस आहेत, म्हणजे माफीनामा निघेल तेव्हा कारण माहीत नसणार.

तुझं पहिलं वाक्य: "शनिवारी घडलेल्या दुर्दैवी प्रकारामुळे काही ग्राहकांची गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत." अगं, नऊ माणसं सलाईनवर आहेत आणि तू "असल्यास" लिहितेस! "प्रकार घडला" म्हणजे आपोआप घडला. "काही" म्हणजे किती, ते आपल्याला माहीत आहे. आणि लपवून मिळालं काय? चलन, बिल, रुग्णालयाचे कागद समोरचा वकील एका अर्जात मागवून घेईल. जे कागदावर आहेच, ते शब्दांनी झाकून कायदेशीर संरक्षण मिळत नाही.

दुसरं वाक्य पीआरवाल्यांचं: "आमच्या निष्काळजीपणामुळे व सेवेतील त्रुटीमुळे विषबाधा झाली, याची संपूर्ण जबाबदारी आम्ही स्वीकारतो." ऐकायला प्रामाणिक वाटतं. पण "सेवेतील त्रुटी" हे त्यांना नम्र बोलणं वाटतं, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तीच गोष्ट सिद्ध करावी लागते. तक्रारदाराचं अर्धं काम आपणच छापून दिलं. "निष्काळजीपणा" हा निष्कर्ष आहे, तो काढणारा न्यायाधीश. "विषबाधा" हे निदान आहे, ते करणारा डॉक्टर. आणि "जबाबदारी" या मराठी शब्दात नैतिक जबाबदारीही येते आणि पैशांचं दायित्वही. वाचणारा आपल्याला हवा तो अर्थ घेईल.

अशी कबुली म्हणजे अखेरचा पुरावा नव्हे. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २५ तसंच सांगतं, जुन्या कायद्यात ते कलम ३१ होतं. पण कबुली चुकीची होती हे मग आपल्याला दाखवावं लागतं. शिवाय विम्याची पॉलिसी उघडून बघ. अशा पॉलिसींत बहुधा अट असते की विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दायित्व मान्य करायचं नाही. हे एक वाक्य छापलं तर दावा फेटाळायला त्यांना निमित्त मिळतं, आणि भरपाईचे पैसे नसलेल्या कंपनीची माफी त्या नऊ जणांच्या काय कामाची?

साहेबांनी सुचवलेली "आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून" ही ओळ काढ. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २१चं संरक्षण असतं ते हे पुराव्यात वापरायचं नाही अशा उघड अटीवर केलेल्या, किंवा दोन्ही बाजूंचं तसं ठरलं आहे असं परिस्थितीवरून दिसेल अशा कबुलीला. पेपरातून साऱ्या गावाला सांगितलेल्या गोष्टीला त्याचा आधार धरू नकोस. ब्रिटनच्या नमुन्यांवरही विसंबू नकोस. तिथे २००६च्या कायद्याने ठरवलंय की नुसती माफी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही.

मी असा लिहितो: "शनिवारी रात्री लग्नाच्या जेवणानंतर ३१ जण आजारी पडले, ९ जण रुग्णालयात आहेत. त्या जेवणात आमचे पनीर होते. ते नेताना आमच्या गाडीतील शीतयंत्रणा साडेतीन तास बंद होती. त्याचा या आजाराशी संबंध आहे का, हे तपासणीतून कळेल. यंत्रणा बंद असताना आम्ही माल पोहोचवायला नको होता. त्याबद्दल आम्ही माफी मागतो. दोष कुणाचा हे ठरण्याची वाट न पाहता रुग्णालयाचा खर्च आम्ही देत आहोत. त्यासाठी कुणाकडूनही सही घेणार नाही."

"जेवणानंतर" लिहिलंय, "पनीरमुळे" नाही. सगळा खटला "नंतर" आणि "मुळे" यांच्यामध्ये उभा आहे. आणि माफी मागितली ती आपण नक्की केलेल्या गोष्टीची. गाडीची ओळ घालू नये असं तुझे साहेब म्हणतील. त्यांच्या बाजूने एकच गोष्ट आहे: विमा कंपनीशी बोलणं होईपर्यंत ती ओळ थांबवता येते. पण ती गाळून "आमची शीतसाखळी अखंड असते" असं लिहू दिलंस तर मला तोंड दाखवू नकोस.

कर्ता असूनही वाक्य खोटं असू शकतं. एप्रिल २०१७मध्ये शिकागोला युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला ओढत बाहेर काढलं. सीईओंनी माफी मागितली ती प्रवाशांची "पर्यायी व्यवस्था करावी लागली" याची. कर्ता होता, क्रियापद भलतंच. लोकांनी व्हिडिओ पाहिला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांना नव्याने, सरळ माफी मागावी लागली, आणि महिना संपायच्या आत तडजोड झाली.

हे मी इतकं रेटून का सांगतो? २००४मध्ये मी एका कंपनीत होतो, नाव नको. आमच्या गिझरने एका घरात बाई भाजली. मसुद्यात "माफी" होतं, ते मी खोडून "दुर्दैवी घटना" केलं. तिचा नवरा कात्रण घेऊन आमच्या दारात आला आणि म्हणाला, "दुर्दैव आमचं, गिझर तुमचा." पुढे ग्राहक मंचात तेच कात्रण वाचलं गेलं. झडपेचा दोष कागदांवरून तसाही निघालाच. साहेबांनी सांगितलं, माझ्या हातात काय होतं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. पेन माझ्या हातात होतं. पण एक सांगतो, नंतर दुसऱ्या एका प्रकरणात मी "निष्काळजीपणा" खोडण्यासाठी रात्री एकपर्यंत भांडलो. अहवाल आला तेव्हा दोष पुरवठादाराच्या मालात निघाला. पीआरवाले मला तेव्हा दगड म्हणाले होते. म्हणोत.

इंग्रजी मसुदाही याच चाळणीतून काढ. मराठीत "नंतर" आणि इंग्रजीत "मुळे" असं झालं तर कोर्टात इंग्रजीच पुढे येईल. आणि शेवटचं "क्षमस्व" काढ. संस्कृतात तो आज्ञार्थ आहे, "क्षमा कर". आजारी माणसाला हुकूम कशाला सोडायचा?

विमा कंपनीला सकाळी दहाच्या आधी फोन कर, संमती ईमेलवर घे. मग मसुदा मला परत पाठव. कर्त्यांखाली रेघा मारून.