ऑफिसातली अडचण: तक्रारीच्या आधीचा एक मेसेज

मी सांगलीत एका पतसंस्थेत काउंटरला बसते. आमचे एक सीनियर माझ्या साडी-ब्लाउजवर ग्राहकांसमोर बोलतात. एकदम तक्रार नको वाटते, पण हे थांबायला हवं. मेसेज कसा लिहू? मी लिहिलेला मसुदा सोबत जोडला आहे.

ताई, तुमचा मसुदा वाचला. सुरुवातच अशी आहे: ‘सर, राग मानू नका, तुम्ही मला मोठ्या भावासारखे आहात, पण कधी कधी तुमचं बोलणं जरा ऑकवर्ड होतं.’ पुढे आठ ओळी, आणि शेवटी ‘चुकलं असेल तर माफ करा’. माफी मागायला हवी त्यांनी, आणि मागताय तुम्ही. ‘कधी कधी’ आणि ‘जरा’ या दोन शब्दांतून त्यांना निसटायला पुरेशी वाट मिळते. ‘मोठा भाऊ’ म्हटलंत की उद्या तेच म्हणतील, ‘भावाच्या नात्याने बोललो.’

काही जणी उलट्या टोकाला जातात: ‘तुमची नजर घाण आहे, पुन्हा बोललात तर कमिटीत खेचीन.’ राग रास्त आहे. पण समोरचा माणूस लगेच साहेबांकडे जाऊन ‘मला धमकी दिली’ म्हणतो. मग चर्चा तुमच्या भाषेवर होते आणि त्याचं बोलणं बाजूलाच राहतं. त्याच्या नजरेवर किंवा स्वभावावर लिहिलेलं सिद्ध करता येत नाही. तो काय बोलला, ते मात्र लिहिता येतं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसले आहे. तिथे उपयोगी पडलेले मेसेज चार-पाच वाक्यांचेच होते. तुमच्याच माहितीवरून मी असं लिहीन:

‘सर, मंगळवारी दुपारी मी काउंटरवर नोटा मोजत असताना तुम्ही ग्राहकांसमोर माझ्या ब्लाउजबद्दल बोललात. आधीच्या शुक्रवारी साडीबद्दलही बोलला होतात. मला हे मान्य नाही. यापुढे माझ्या कपड्यांबद्दल किंवा शरीराबद्दल काहीही बोलू नका. कामाचं बोलणं नेहमीसारखं राहील.’

यात दिवस आहे, जागा आहे, कृती आहे. ‘मान्य नाही’ हे वाक्य ‘पण’ न जोडता एकटंच उभं आहे. काय थांबवायचं ते इतकं नेमकं सांगितलं आहे की ‘मला कळलंच नाही’ म्हणायला जागा राहत नाही. शेवटच्या वाक्यामुळे हिशेबाचं, चेकचं काम अडत नाही, आणि ‘ही माझ्याशी बोलतच नाही’ असं गाऱ्हाणं त्यांना सांगता येत नाही. ‘मंगळवारी’च्या जागी प्रत्यक्ष तारीख घाला. तक्रारीचा उल्लेख मी मुद्दाम केलेला नाही. तो हक्क तुमच्याकडे आहेच, आत्ता दाखवायची गरज नाही.

मेसेज फक्त त्यांच्या नंबरवर पाठवा, ऑफिसच्या ग्रुपवर कधीच नको. वेळ कामाची असू द्या, सकाळी अकराच्या सुमाराची. रात्री साडेअकराला गेलेल्या मेसेजचा वेगळाच अर्थ लावणारे लोक असतात. आपोआप गायब होणारे मेसेज ही सोय त्या चॅटमध्ये आधी बंद करा. पाठवल्यावर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि घरच्या विश्वासातल्या माणसाकडेही ठेवा.

असा मेसेज पाठवला. उत्तर आलं, ‘अगं मस्करी होती, एवढं काय मनाला लावून घेतेस?’ आता? — सातारा

एकच ओळ: ‘मला ती मस्करी वाटली नाही. पुन्हा करू नका.’ त्यापुढे काही लिहू नका. हसरी इमोजी नको, ‘ठीक आहे, सोडून द्या’ तर नकोच. वातावरण हलकं करायला आपण सवयीने असं लिहून जातो आणि आधीचा सगळा ठामपणा तिथेच विरघळतो. त्यांचं उत्तर पुसू नका. आपण तसं बोललो, हे त्यांनी स्वतःच त्यात लिहून दिलं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कृती नकोशी होती का, याला महत्त्व आहे. बोलणाऱ्याने ती मस्करी समजून केली, एवढ्याने ती हवीशी होत नाही.

यापुढच्या पंधरा दिवसांकडे मात्र नीट लक्ष द्या. बोलणं थांबतं, पण फाइल मिळत नाही, ड्युटी बदलते, चहाला सगळ्यांना हाक जाते आणि तुम्हाला नाही. कामात अडथळा आणणं आणि वातावरण त्रासाचं करणं हेही त्याच कायद्यात येतं. वहीत तारखेनिशी लिहीत जा, दोन ओळी पुरतात.

मी पुरुष आहे, कुपवाड एमआयडीसीत काम करतो. मी अडखळत बोलतो. सोबतचा एक जण डबा खाताना रोज माझी नक्कल करतो, सगळे हसतात. आम्ही एका ताटात जेवतो, त्याला मेसेज कसा पाठवू?

दादा, तुमचा संकोच समजतो. एका ताटात जेवणाऱ्याला आधीच मेसेज गेला, तर तो नोटिशीसारखा वाटेल आणि सगळ्यांना दाखवला जाईल. म्हणून आधी तोंडी सांगा, पण एकट्यात, हात धुवायच्या नळापाशी किंवा पार्किंगमध्ये. बाकीचे समोर असले की माघार घ्यायला त्याला लाज वाटते. बोलताना अडखळलात तरी चालेल, घाई करू नका. त्याच संध्याकाळी लिहा:

‘आज नळापाशी बोललो तेच लिहितो. तू जेवताना सगळ्यांसमोर माझ्या बोलण्याची नक्कल करतोस. मला त्याचा त्रास होतो. उद्यापासून करू नकोस. बाकी आपलं आहे तसंच आहे.’

रोज ‘तू’ म्हणता, तर मेसेजमध्येही ‘तू’च ठेवा. एकदम ‘आपण’ लिहिलंत तर दुसऱ्याच कुणीतरी लिहून दिल्यासारखं वाटेल. 2013 चा कायदा महिलांच्या तक्रारीसाठी आहे, त्यामुळे तुमची वाट सुपरवायझर आणि कंपनीच्या शिस्तीच्या नियमांमधून जाते. नकलेत जातीवरून शिवी येत असेल, तर मेसेजच्या पायरीवर थांबू नका. त्यासाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, वकिलाला भेटा.

आधी मेसेज पाठवला नाही तर तक्रार घेत नाहीत का?

घेतात. मेसेज ही कायद्याची अट नाही. समितीतलं कुणी ‘आधी त्यांना का नाही सांगितलं?’ असं विचारलं, तरी त्या कारणावरून तक्रार नाकारता येत नाही. मुदत मात्र चालू असते. लेखी तक्रार घटनेपासून, घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून, 3 महिन्यांत द्यायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते. मेसेजला उत्तर येईल म्हणून वाट बघत बसलात, तरी ही मुदत थांबत नाही.

आणि अंगाला हात लावला असेल, खोलीत अडवलं असेल, नोकरीच्या बदल्यात काही मागितलं असेल किंवा पाठलाग होत असेल, तर मेसेज पाठवूच नका. त्याने समोरचा सावध होतो, पुरावे पुसतो, साक्षीदार फिरवतो. थेट समितीकडे किंवा पोलिसांकडे जा.

आमच्या साताऱ्यातल्या दुकानात आम्ही सात जणच आहोत. समिती कुठली असणार?

अंतर्गत समिती 10 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे सक्तीची आहे. तुमच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. त्रास खुद्द मालकाकडून असेल, तर दुकान कितीही मोठं असो, तक्रार तिथेच होते. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा, आणि जाताना त्या मेसेजची छापील प्रत सोबत न्या.