गावात पीक विमा समजावताना

दादा, टक्के सांगू नको, रुपये सांग. सोयाबीनला खरिपात २ टक्के हप्ता, म्हणजे हेक्टरी विमा रक्कम ५० हजार धरली तर हेक्टरी १००० आणि एकरी साधारण ४०० रुपये, असं बोललं की लगेच कळतं. मुदतीचंही तसंच, ७२ तास म्हणण्यापेक्षा सोमवारी दुपारी पाणी घुसलं तर गुरुवार दुपारच्या आत १४४४७ ला फोन किंवा पीक विम्याच्या ॲपवर तक्रार, गट नंबर आणि पीक सांगायचं अन् तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. पण आधी यंदाचा जीआर बघ, कारण २०२५ च्या खरिपात आपल्या महाराष्ट्रात ही वैयक्तिक नुकसानीची भरपाई नव्हती, पीक कापणी प्रयोगात महसूल मंडळाचं उत्पन्न घटलं तरच पैसे, हे तोंडावर स्पष्ट सांग.