आधी रेट की आधी प्रश्न?

प्रश्न: मी घरून मराठी टायपिंग-डीटीपीची कामं घेते. ग्रुपवर कामाची पोस्ट पडली की अर्ध्या तासात पंधरा-वीस जण रेट टाकून मोकळे होतात. मी प्रश्न विचारत बसले तर काम जातं, नुसता रेट टाकला तर नंतर अंगावर येतं. नक्की काय लिहायचं? आणि किती दिवसांत देईन हे कसं ठरवायचं?

रेट पहिल्याच मेसेजमध्ये टाका, पण तो कशाच्या जोरावर टाकलाय ते त्याच मेसेजमध्ये लिहा. नुसता आकडा टाकणारे जे पंधरा-वीस जण आहेत त्यांच्यात मी सात वर्षं होतो, म्हणून सांगतोय.

मी आणि माझे मेहुणे मिळून नौपाड्यात एक छोटा गाळा चालवायचो, लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका असली कामं. मेहुण्यांचं एकच म्हणणं असायचं, गिऱ्हाईक प्रश्नांना घाबरतं, तू आकडा टाक, काम हातात घे, मग बघू. माझं म्हणणं होतं की आधी फाइल बघू. ते वयाने मोठे, गाळा त्यांच्या नावावर, त्यामुळे चालायचं त्यांचंच.

२०१८ मध्ये ठाण्यातल्याच एका मंडळाची पोस्ट आली. जुनी स्मरणिका आहे, ११२ पानं, युनिकोड करून वेबसाइटवर टाकायचीय, रेट आणि दिवस सांगा, एवढंच. मेहुण्यांनी माझ्याच मोबाइलवरून दहा मिनिटांत टाकलं, पानाला २५ रुपये, एकूण २,८००, तीन दिवसांत देतो. काम लगेच मिळालं, आणि मेहुणे दिवसभर खूश होते. हिशोब असा होता की कन्व्हर्टरमधून मजकूर काढायचा, एक नजर फिरवायची, झालं.

फाइल आली ती पेजमेकरची. त्याची शेवटची आवृत्ती २००१ची, आणि आत्ताचं इनडिझाइन त्या फाइली उघडतच नाही, सीएस६ किंवा त्याआधीचं लागतं. ते जुन्या मशीनवर होतं म्हणून निभावलं. खरा घोळ पुढे होता.

तुम्ही डीटीपी करता म्हणजे जुने फॉन्ट माहीत असतील, पण कन्व्हर्टर नेमका का चुकतो ते सांगतो, कारण रेट तिथेच फसतो. जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच, इंग्रजी की असतात आणि वर मराठी आकार चढवलेला असतो. कृतिदेवमध्ये `ejkBh` टाइप केलं की पडद्यावर मराठी दिसतं. आणि अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आधी, मग अक्षर. युनिकोडमध्ये उलटं, आधी अक्षर, मग वेलांटी. कन्व्हर्टरला ती वेलांटी उचलून मागे न्यावी लागते, साध्या अक्षराला जमतं, पण जोडाक्षर आलं की तो एकच घर मागे नेतो आणि ‘स्थिती’चं ‘सि्थती’ होतं. रफाराचंही असंच. आणि आपल्या मराठीचा तो खास र, वाऱ्यावरचा, तो हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या कन्व्हर्टरला ठाऊकच नसतो, मग ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’.

त्या स्मरणिकेत मथळे एका फॉन्टमध्ये, मजकूर दुसऱ्यात, आणि मधेच इंग्रजी शब्द, ते सगळे कन्व्हर्टरने मराठी समजून चिवडले. १४ पानं देणगीदारांच्या याद्यांची, टॅब देऊन बसवलेल्या, त्या सगळ्या सांडल्या. ९ पानं फाइलमध्ये मजकूर नसलेलीच, नुसते स्कॅन केलेले फोटो, ती हाताने टाइप करावी लागली. २० पानं जाहिरातींची होती ती मंडळाला नकोच होती, हे तिसऱ्या दिवशी कळलं.

घड्याळ लावून बसलो होतो म्हणून आकडे पाठ आहेत. सलग मजकुराची ६९ पानं, कन्व्हर्ट करून मूळ पानाशी ताडून वाचायला पानाला २० मिनिटं, म्हणजे २३ तास. याद्यांच्या पानाला पाऊण तास, साडेदहा तास. स्कॅनची पानं प्रत्येकी ४० मिनिटं, सहा तास. झाले साडेएकोणचाळीस. त्यावर मंडळाचे तीन वेगवेगळे लोक तीन वेळा दुरुस्त्या घेऊन आले, त्यात आणखी ११ तास गेले. एकूण साडेपन्नास तासांचे २,८०० रुपये, ताशी ५५ पडले. तीन दिवसांचं काम सतराव्या दिवशी दिलं आणि तरी यादीत एका कुऱ्हाडे आडनावाच्या देणगीदाराचं ‘कुर्हाडे’ राहिलं, त्यावरून सेक्रेटरींनी मला गाळ्यावर येऊन ऐकवलं. मला, मेहुण्यांना नाही, ते तेव्हा चहाला गेले होते.

त्या दिवसापासून मी मेसेज बदलला. अलीकडे एका बाईंची पोस्ट होती, वडिलांचं जुनं पुस्तक आहे, ६० पानं, युनिकोड हवंय, लवकर हवंय, रेट सांगा. मी लिहिलेलं जसंच्या तसं देतो:

“नमस्कार मॅडम. पानाला ६० रुपये, ६० पानांचे ३,६००. हे धरून सांगतोय की मजकूर सलग आहे आणि फाइलमधून कॉपी होतो. स्कॅन असलेलं पान १३०, यादी-तक्त्याचं पान १२०. मूळ पुस्तकाशी ताडून वाचणं आणि तुमच्या दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या यात धरल्यात. पूर्ण फाइल मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामाचे ६ दिवस, पहिली १० पानं दुसऱ्या दिवशी बघायला देतो. तीन गोष्टी कळवाल का? फाइल कशात आहे ते कळायला पुस्तकातलं सगळ्यात किचकट पान पाठवता येईल का? युनिकोड कुठे वापरणार, वेबसाइटवर की परत छपाईला? आणि दुरुस्त्या कोण एकजण कळवणार?”

एवढंच. तीनपेक्षा जास्त प्रश्न पहिल्या मेसेजमध्ये नको, आणि प्रश्न रेटच्या खाली, वर नाही. मेहुण्यांचं तेवढं म्हणणं बरोबर होतं की माणूस आधी आकडा शोधतो.

किचकट पान मुद्दाम मागतो. पहिलं पान मागितलं तर प्रस्तावना येते, ती नेहमीच स्वच्छ असते. पान आलं की मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. `ejkBh` छाप काही आलं तर जुना फॉन्ट. सिलेक्टच होत नसेल तर स्कॅन. मराठी आलं पण काने-वेलांट्या विस्कटून आले तर युनिकोडच आहे, फक्त पीडीएफ नीट बनलेली नाही, मग त्यांच्याकडे मूळ वर्ड फाइल आहे का ते विचारायचं, असेल तर निम्मं काम वाचतं. मॅडमच्या पानात जुना फॉन्ट निघाला, आणि पूर्ण फाइल आल्यावर ११ पानं स्कॅनची निघाली. मग ४९ पानांचे २,९४० आणि ११ पानांचे १,४३०, एकूण ४,३७०. त्यांनी एका शब्दाने घासाघीस केली नाही, कारण १३० चा आकडा काम सुरू व्हायच्या आधीच मेसेजमध्ये लिहिलेला होता. हाच आकडा मी काम सुरू झाल्यावर सांगितला असता तर मी फसवणारा ठरलो असतो.

दिवसांचं म्हणाल तर पानांना मिनिटांनी गुणा, पण दिवसाचे आठ तास धरू नका. ताडून वाचायचं काम चार तासांच्या वर डोळे करत नाहीत, पाचव्या तासाला ‘सि्थती’ समोरून निघून जाते. ६० पानं गुणिले २० मिनिटं म्हणजे २० तास, भागिले चार म्हणजे पाच दिवस, वर एक दिवस लाइट, पाऊस, घरचं काही यासाठी. आणि दिवस कधीपासून ते लिहाच. नुसतं सहा दिवस लिहिलं की समोरचा पोस्ट टाकली त्या दिवसापासून मोजतो आणि फाइल चौथ्या दिवशी पाठवतो. त्यांच्याकडे प्रूफ पडून असेल ते दिवसही तुमचे नाहीत, हे काम सुरू करताना परत सांगा.

मेहुणे अजून म्हणतात की माझ्या ह्या लांबलचक मेसेजमुळे कामं जातात. जातात, खरंय. ज्यांना फक्त सगळ्यात कमी आकडा हवाय ते उत्तरच देत नाहीत. पण मंडळाच्या त्या कामातले आकडे मी तेव्हा असेच लावले असते तर ६९ पानांचे ४,१४०, याद्यांचे १,६८०, स्कॅनचे १,१७०, असे ६,९९० झाले असते. त्यांना परवडलं नसतं तर ते दुसऱ्याकडे गेले असते आणि माझे साडेपन्नास तास वाचले असते. काम जाणं हा तोटा नाही हे मी मेहुण्यांना प्रत्येक गणपतीत सांगतो. ते २,८०० रुपयेच मोजतात, तास मोजत नाहीत, कारण तास माझे गेले होते.

आता हे सगळ्याच कामांना लागू नाही. पाच-दहा पानांचं साधं टायपिंग असेल तर सरळ आकडा आणि दिवस टाका, तिथे प्रश्न विचारले तर खरंच काम जातं. माझे रेट माझ्या वेगावर आहेत, तुमचे तुम्ही तीन-चार पानांवर घड्याळ लावून काढा. नमुना म्हणून कोणी फुकट काम मागितलं तर एकच पान करा, त्याहून जास्त नाही. आणि निम्मे पैसे पूर्ण फाइल बघितल्यावर, काम सुरू करायच्या आधी घ्या. मंडळाकडून आम्ही ॲडव्हान्स ५०० घेतला होता, बाकीचे यायला दिवाळी उजाडली.