हॉटेल आणि नवीन तिकिटाचे पैसे: व्हाउचरवर सही करू नका

"आम्ही दोघं नागपूरहून मुंबईमार्गे सिंगापूरला निघालो होतो. नागपूरचं सकाळी ११ चं विमान रात्री ८ ला उडालं, संध्याकाळचं सिंगापूर चुकलं. काउंटरवर म्हणाले हॉटेल नियमात बसत नाही आणि पुढची सीट हवी तर नवीन तिकीट काढा. तिकिटं ४१,६००, हॉटेल ६,८००, टॅक्सी ९००, जेवण १,४००, वर सिंगापूरच्या हॉटेलची पहिली रात्र ९,५०० फुकट गेली. आता कंपनी २,००० चं व्हाउचर देतेय. घेऊ का?"

नाही ताई, घेऊ नका. निदान त्यासोबतचा कागद नीट वाचल्याशिवाय तर नाहीच, कारण त्यात बहुतेक वेळा "यापुढे कोणताही दावा नाही" असं एक वाक्य असतं आणि सही झाली की ६०,२०० चा विषय २,००० वर संपतो.

आधी एक गोष्ट तपासा, तिच्यावरच सगळं अवलंबून आहे. ई-तिकीट उघडा आणि पीएनआर नाही, तिकीट नंबर बघा, तो १३ आकडी असतो. नागपूर-मुंबई आणि मुंबई-सिंगापूर दोन्ही एकाच नंबरखाली असतील तर कायद्याच्या नजरेत हा एकच आंतरराष्ट्रीय प्रवास आहे, नागपूरचा तुकडासुद्धा. बुकिंग साइटवाले कधीकधी दोन वेगळी तिकिटं जोडून एकाच पानावर दाखवतात, तिथे लोक फसतात.

एकच तिकीट आहे असं धरून पुढे सांगते. काउंटरवाल्याने हॉटेलबद्दल सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या नियमात उशिरासाठी फुकट हॉटेल मिळतं ते २४ तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ मधलं विमान ६ तासांहून जास्त लटकलं तर. तुमचं विमान सकाळी ११ चं आणि उशीर ९ तास, म्हणजे त्या नियमात तुम्ही बसत नाही. पण तो नियम विमानतळावर प्रवाशाची सोय बघण्यापुरता आहे हो, नुकसानभरपाईचा कायदा वेगळा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाबद्दलचा १९९९ चा मॉन्ट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला, तो आपल्या १९७२ च्या कॅरेज बाय एअर कायद्यात तिसऱ्या परिशिष्टात आहे, आणि त्याचं कलम १९ म्हणतं की उशिरामुळे झालेलं नुकसान कंपनीने भरायचं. सुटका एकच, की उशीर टाळायला शक्य ते सगळं केलं हे कंपनीने स्वतः सिद्ध करायचं. तुम्हाला काही सिद्ध करायचं नाही, फक्त उशीर झाला आणि त्यापायी एवढे पैसे गेले हे दाखवायचं. "ऑपरेशनल कारण" एवढ्या दोन शब्दांच्या एसएमएसने ती जबाबदारी पार पडत नाही. धुकं, वादळ असं काही असेल तर मात्र केस कमजोर होते, म्हणून ईमेल करून उशिराचं लेखी कारण आणि डिले सर्टिफिकेट आधी मागून घ्या.

आता तुमचे आकडे. हॉटेल, टॅक्सी, जेवण यांची बिलं असतील तर अडचण नाही. ४१,६०० वर कंपनी म्हणेल की तुम्ही महागडं तिकीट काढलंत किंवा आमच्याकडे मागितलंच नाही, तेव्हा काउंटरवर मागितल्याचा पुरावा शोधा. एखादा फोटो, कस्टमर केअरचा कॉल लॉग, त्या रात्रीचा मेसेज, काहीही चालेल. न वापरलेल्या सीटचा रिफंड आला असेल तर तो यातून स्वतःहून वजा करा, लपवला तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. सिंगापूरच्या रात्रीसाठी "नॉन-रिफंडेबल" लिहिलेलं बुकिंग जोडा. करारातली मर्यादा माणशी काही लाखांची आहे, तुमचा आकडा आरामात आत बसतो. मनस्तापाचे लाखो रुपये मात्र मागू नका, कलम २९ दंडात्मक भरपाई देऊ देत नाही आणि असा आकडा बघून ग्राहक आयोगही आधी त्यावरच प्रश्न विचारतो.

तिकिटं वेगळी निघाली तर? लढाई अवघड होते, पण संपत नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर अशीच गोष्ट होती, जम्मूला जाणारी ट्रेन ४ तास लेट, त्यामुळे श्रीनगरचं विमान चुकलं, प्रवाशांना टॅक्सी करावी लागली. ट्रेन आणि विमान यांचं तिकीट अर्थातच वेगळं होतं. रेल्वेला उशिराचं कारण पटवून देता आलं नाही म्हणून टॅक्सीचे १५,००० वगैरे भरायला लागले. तो निकाल रेल्वेचा आहे, विमान कंपनीवर जसाच्या तसा चालेल असं मी म्हणणार नाही, पण जोडायचा नक्की.

आता करायचं ते असं: कंपनीच्या नोडल ऑफिसरला एक पानी ईमेल, त्यात तिकीट नंबर, वेळा, पाच रकमा आणि १५ दिवसांची मुदत, सोबत एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार. उत्तर नाही आलं तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा, तुम्ही तिथे राहता म्हणून तिथेच दाखल करता येते, मुंबईला खेटे घालायची गरज नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या तिकिटाला फी नाही. मुदत २ वर्षांची आहे, पण टॅक्सी आणि जेवणाच्या पावत्यांची शाई उन्हाळ्याभरात उडून जाते, त्यांचे फोटो आजच काढा.