फोटो नको, ओळ लिहा

प्रश्न: बोर्डाचा फोटो हरवला तरी पुढे विश्लेषण करता यावं म्हणून चेसची पोझिशन अक्षरांत कशी लिहून ठेवायची?

फेन लिहा, आणि बोर्ड समोर असतानाच लिहा. ‘फोटो आहे ना, मग कशाला’ म्हणणाऱ्या एका मित्राशी माझा जुना वाद आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमचा सरावाचा डाव राजा-प्याद्याच्या एंडगेमवर येऊन थांबला. पांढरा राजा e5 वर, मागे e4 ला प्यादं, काळा राजा e7 वर. मित्राने मोबाइलवर फोटो काढला. मी स्कोअरशीटच्या मागे हे खरडलं:

```
8/4k3/8/4K3/4P3/8/8/8 b - - 0 1
```

आठव्या रँकपासून खाली यायचं, प्रत्येक रँक a कडून h कडे. पांढऱ्याची मोठी अक्षरं, काळ्याची लहान, घोड्याला N. रिकामी घरं मोजून आकडा. म्हणजे 4k3: चार रिकामी, काळा राजा, तीन रिकामी. प्रत्येक रँकची बेरीज आठ आलीच पाहिजे. नाही आली तर तिथेच चूक.

पुढे मोबाइल बिघडला, फोटो गेला, आणि हा म्हणायला लागला की चाल पांढऱ्याची होती, डाव बरोबरीत. पांढऱ्याची असती तर बरोबरीच होती: Kd5 ला Kd7, राजाला वाट मिळत नाही. पण माझ्या ओळीत b आहे, म्हणजे चाल काळ्याची. काळ्याला हलावंच लागतं. त्याने Kd7 केलं की पांढरा Kf6 वर घुसतो आणि प्यादं थेट e8 पर्यंत जातं. तीच मांडणी, पण निकाल वेगळा. फोटो जपून ठेवला असता तरी चाल कोणाची हे त्यात दिसलं नसतंच!

शिवाय फोटो त्याने काळ्याच्या बाजूने काढला होता. बोर्डावर अक्षरं-आकडे छापलेले नसतील तर असा फोटो पांढऱ्याच्या बाजूचा समजून मांडाल तेव्हा प्यादं d5 ला, पांढरा राजा d4 ला, काळा d2 ला जाईल. मग चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. ही चूक बेरजेत सापडत नाही, कारण उलट्या मांडणीतही प्रत्येक रँक आठच भरते. म्हणून लिहिण्याआधी a1 कुठे ते ठरवा.

मित्र अजून म्हणतो की फेन कॉम्प्युटरवाल्यांसाठी आहे. अहो, फेन ज्या फोर्साइथच्या पद्धतीवरून आलं ती एकोणिसाव्या शतकातली, कॉम्प्युटर होता कुठे?

हो, एक राहिलं. चाल कोणाची त्यानंतर कॅसलिंगचा हक्क, मग आं पासांचं घर. माझ्या डावात दोन्ही नव्हते, म्हणून दोन डॅश. मिडलगेममध्ये पांढरा राजा e1 वर आणि हत्ती h1 वर दिसतो म्हणून कॅसलिंगच्या जागी K लिहू नका. दोघांपैकी कोणी आधी हललंय का ते स्कोअरशीटवर पाहा. शेवटचे दोन आकडे पन्नास चालींच्या नियमाचे आणि चालक्रमांकाचे. माहीत नसतील तर 0 1 टाका, इंजिन चालतं.