जोडनंबरची स्लीपर आणि मागे लोंबणारी टाच

प्रश्न: माझं पाऊल २५.२ सेंमी आहे, बुटात ४० नंबर अगदी नीट बसतो. पण ३९-४० लिहिलेल्या स्लीपरमध्ये टाच मागे लोंबते. ४१-४२ घेऊ का?

उत्तर: घ्या, पण आधी एक माप काढा: अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या बेचक्यापासून टाचेच्या मागच्या टोकापर्यंतचं.

बुटात पाऊल पुढून-मागून बंद असतं, म्हणून पूर्ण लांबी पुरते. बोटांमध्ये दांडी असलेल्या चपलेत पाऊल दांडीला अडतं, त्यापुढे सरकतच नाही. बोटं आखूड आणि मागचा भाग लांब असेल, तर पुढे जागा रिकामी राहते आणि टाच बाहेर येते.

संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा. वजन दोन्ही पायांवर ठेवा, पेन्सिल उभी धरून बेचक्याची खूण करा. तुमचं हे अंतर २१.३ सेंमी आलं असं धरू. आता चपलेवर दांडीच्या मागच्या बाजूपासून टाचेकडच्या कडेपर्यंत मोजा. मोजायचा तो वरचा, पाय टेकतो तो भाग. खालचा तळ बऱ्याचदा पसरट असतो आणि फसवतो. समजा २६ सेंमीच्या चपलेत हे अंतर २१.१ भरलं. म्हणजे पुढे सेंटिमीटरभर मोकळं, तरी टाच २ मिमी बाहेर. मागे ५ ते १० मिमी शिल्लक राहिलेलं मला योग्य वाटतं.

जोडनंबर का असतात? युरोपीय पद्धतीत एका नंबराचा फरक साधारण ६.७ मिमी. उघड्या चपलेत तेवढं कमीजास्त चालून जातं, आणि प्रत्येक मापाला वेगळा साचा, वेगळा साठा लागतो. म्हणून दोन नंबर एकत्र करतात आणि पुढचं माप एकदम १३ मिमीने मोठं येतं. जोडीतल्या मोठ्या नंबराचे लोक, म्हणजे तुम्हीच, काठावर सापडतात.

वाढलेल्या १३ मिमीतले थोडे दांडीच्या पुढे जातात, म्हणून ४१-४२ मध्ये टाचेमागे साधारण ८ मिमी मिळतील, पण पट्टाही सैल होईल. चालून बघा. चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागत असतील किंवा जिन्यावर पुढचं टोक अडत असेल, तर ती घेऊ नका. दांडी थोडी पुढे बसवलेली दुसऱ्या बनावटीची ३९-४० शोधा.

घालून बघताना बेचकं दांडीवर रेटू नका, नुसतं टेकू द्या. रेटलं की टाच आत आल्यासारखी दिसते, आणि चालायला लागलं की पाऊल परत मागे येतं. जुनी जोडी असेल तर तिची मागची कड बघा. टाचेचा खड्डा थेट कडेवर पडून ती खाली दबली असेल, तर ते माप तुम्हाला आखूडच होतं.

दांडी नसलेल्या, पुढून बंद सपातांना मात्र हे लागू नाही. तिथे पूर्ण लांबीच मोजा.