चिकू अवघड, सफरचंद सोपं

*"पुण्यात आमच्या सोसायटीत ६ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी मराठीतून हँगमन घ्यायचा आहे. विषयवार सोपे-अवघड शब्द कसे निवडू? अक्षरं मोजून पातळी ठरवली तर चालेल का?"*

अक्षरं मोजून ठरवू नका, बरेचदा उलटंच होतं. मी कोथरूडला मुलांचे भाषेचे खेळ घेते, तिथे फळांचा विषय कायम असतो, म्हणून त्याच्यावरूनच सांगते.

मराठीत क ते ळ ही ३४ व्यंजनं. मुलाने मनात येईल ते व्यंजन सांगितलं, तर ते 'चिकू'मध्ये सापडण्याची शक्यता ३४ पैकी २, म्हणजे सतरात एक. 'सफरचंद'मध्ये ३४ पैकी ५, म्हणजे साधारण सातात एक. शिवाय स, र आणि द मिळाले की मुलं उरलेला शब्द ओरडूनच सांगतात. चिकूत मात्र एक अक्षर मिळालं तरी हाताला फारसं काही लागत नाही.

शब्द निवडण्याआधी एक नियम पक्का करा. एका चौकटीत एक पूर्ण अक्षर, पण मुलाने सांगायचं फक्त मूळ अक्षर. मूल 'क' म्हणालं की 'कू' तुम्ही लिहायचं. प्रत्येक अक्षराची बाराखडी ओळखायला लावली तर चारशेच्या वर पर्याय होतात आणि सहा चुकांत खेळ संपतो. वर ऱ्हस्व की दीर्घ यावर वाद होतो तो वेगळाच.

हा नियम ठेवला की पातळी शब्दाइतकीच तुम्ही फळ्यावर काय दाखवता यावरही ठरते. चिकूच्या दोन रिकाम्या चौकटींवर पहिली वेलांटी आणि दुसरा उकार आधीच काढून ठेवा, तोच शब्द दुसरीतल्या मुलाला जमतो. काही न दाखवता दिला तर नऊ वर्षांचंही अडकतं. म्हणून मी कार्डावर शब्दाखाली 'मात्रा दाखवून' किंवा 'न दाखवता' असं लिहून ठेवते.

सहा वर्षांच्या मुलांना काना-मात्रा नसलेले शब्द द्या: फणस, अननस. अननस विशेष चांगला, कारण एक 'न' सांगितला की दोन चौकटी भरतात आणि मुलाला हुरूप येतो. याच मुलांसाठी फळ्याच्या कडेला बारा-पंधरा अक्षरंच लिहा, त्यांतूनच निवडू द्या. फणससाठी फ, ण, स यांच्यासोबत क, म, ल, ब अशी ओळखीची अक्षरं मिसळायची. एवढी एक पट्टी लावली की ण किंवा फ सुचत नाही म्हणून मूल हरत नाही.

त्यानंतर पपई, सीताफळ, डाळिंब, कलिंगड, आधी मात्रा दाखवून आणि मग न दाखवता. अनुस्वाराचा ठिपका मात्र नेहमी आधीच द्या, तो ओळखायला लावण्यात मजा नाही.

जोडाक्षरं सगळ्यात मोठ्या मुलांसाठी ठेवा. 'द्राक्ष'ला दोनच चौकटी आहेत आणि दोन्हींत जोडाक्षर. 'द' सांगितल्यावर चौकट भरायची की 'र' येईपर्यंत थांबायचं, हे आधी सांगितलं नसेल तर भांडण ठरलेलं. मी दोन्ही अक्षरं मिळाल्यावरच भरते, आणि 'क्ष' मुळाक्षरांच्या तक्त्यात वेगळं असतं म्हणून ते एकच अक्षर धरते. 'स्ट्रॉबेरी' मी यादीत घेतच नाही, पहिल्याच चौकटीत तीन व्यंजनं कोंबलेली आहेत.

दोन तऱ्हेने लिहिले जाणारे शब्दही गाळा. केळं, केळे, केळी, यातलं तुमच्या मनात कोणतं आहे हे मुलाने कसं ओळखायचं?

यादी झाली की एक चाचणी घ्या. चित्र दाखवून विचारा, "हे काय?" मुलाच्या तोंडून तोच शब्द आला तर ठेवायचा. इंग्रजी माध्यमातली मुलं सफरचंद ओळखतात, पण तोंडात पटकन 'ॲपल' येतं. तसं झालं तर तो शब्द अक्षरांच्या हिशोबात सोपा असला तरी त्या गटाला अवघडच. आदल्या रविवारी मंडईत एक फेरी मारून फळांची मराठी नावं मोठ्याने म्हणवून घेतली तर असे बरेच शब्द परत यादीत घेता येतात.

खेळताना कुठे अडतंय तेही बघा. सगळी अक्षरं भरली तरी शब्द वाचता येत नसेल, तर मुलाला तो शब्दच माहीत नाही, तो विषयातून काढा. शब्द कळल्यावर "अरे हो, हे तर येत होतं!" असं म्हणालं, तर शब्द ठेवा आणि पुढच्या वेळी मात्रा दाखवून द्या. फाशीच्या माणसाऐवजी मी सहा पाकळ्यांचं फूल काढते आणि चुकीला एक पाकळी पुसते, लहानांना ते बरं वाटतं.